चार्जिंगची पिन आणि बांगडीतली पिन

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात झाले असतील. कसारा लोकलच्या गर्दीतून कशीबशी सुटून मी शहाडला उतरले, भाजी घेतली, जिना चढले आणि कुलपाला किल्ली लावतेय तोच शेजारच्या वहिनी दारात हजर. एका हातात मोबाइल, मोबाइलला लटकलेली वायर आणि ती वायर अंगठ्याने तिरकी दाबून धरलेली.

"ताई, तुमचा मुलगा आहे का घरी? हे बघा ना, अशी दाबून धरली की चार्जिंग होतं, सोडली की बंद. सकाळपासून अशीच बसलेय. हात दुखायला लागला."

वहिनी घरी जीन्सच्या धागा कटिंगचं काम करतात. आमच्या बाजूच्या उल्हासनगरात जीन्स शिवण्याचे कारखाने आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शिवून झालेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचे असतात, ते गठ्ठे घरोघरी बायकांकडे येतात. नगावर पैसे. संध्याकाळी शेठचा व्हॉइस मेसेज येतो, "गठ्ठा तयार आहे, कोण येतंय?" जी आधी उत्तर देते तिला गठ्ठा. त्या दिवशी दुपारपासून वहिनींचा फोन बंद. मेसेज आला, गेला आणि गठ्ठाही दुसरीकडे गेला. एका ढिल्या वायरीपायी दिवसाची कमाई बुडाली.

"आता मी काय ठरवलंय सांगू?" वहिनी म्हणाल्या. "ती वायरची कटकटच नको. ते नुसतं वर ठेवायचं असतं ना, वायरलेस, ते घेते. दीड हजार साठवलेत."

मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "वहिनी, आधी आत या, चहा घ्या. तो दीड हजार अजून काढू नका. कारण या रस्त्याने मी जाऊन आलेय आणि पार तोंडावर आपटलेय!"

तर मैत्रिणींनो, आधी माझा शहाणपणा ऐका. साधारण वर्षापूर्वी माझ्याही फोनचं हेच झालं होतं. टाइप सी वायर घातली की नीट बसायची नाही, जरा धक्का लागला की सुटायची. सकाळी उठून बघावं तर फोन रात्रभर लावूनही बारा टक्के! मी आत डोकावून बघितलं, काहीतरी करडं करडं दिसलं. मग आपण बायका जे करतो तेच मी केलं. बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि लागले टोकरायला. साडीच्या निऱ्यांपासून तुटलेल्या चपलेपर्यंत सगळं जिने निभावलं, ती पिन इथे का कामाला येणार नाही? थोडा कचरा निघाला, म्हणून अजून जरा जोर लावला. आतून 'कट्' असा बारीक आवाज आला. त्यानंतर वायर एकाच बाजूने घातली तर चार्जिंग व्हायचं, उलटी घातली तर काहीच नाही.

काय मोडलं, ते मला नंतर दुरुस्तीवाल्याने भिंगातून दाखवलं. टाइप सीच्या त्या लांबट भोकाच्या मध्यभागी एक पातळ जीभ असते. जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे आपल्या आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या प्रतीएवढी. तिच्या वरच्या अंगाला बारा आणि खालच्या अंगाला बारा असे चोवीस बारीक सोनेरी ठिपके असतात. त्यातले काही वीज आत घेतात, काही फोटो-गाण्यांची ने-आण करतात आणि एक-दोन चार्जरशी बोलणी करतात की बाबा, किती वीज देणार. दोन्ही अंगांना ठिपके असल्यामुळेच ही वायर उलटी-सुलटी कशीही घातली तरी चालते. माझ्या सेफ्टी पिनने एका अंगाचे ठिपके खरवडले होते आणि जीभही जराशी कलली होती. म्हणून एका बाजूने चालू, दुसऱ्या बाजूने बंद.

आता गंमत अशी, की हे पोर्ट बनवणाऱ्यांनी झिजणारा भाग मुद्दामच फोनमध्ये ठेवलेला नाही. टाइप सीचं मानक २०१४ साली आलं. त्यात वायरला घट्ट धरून ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगा वायरीच्या टोकाच्या आत आहेत. म्हणजे घासून घासून आधी वायर जावी आणि फोन वाचावा. वायर शे-दोनशे रुपयांत मिळते, फोन नाही मिळत! शिवाय हे पोर्ट १०,००० वेळा वायर घालून-काढून टिकलं पाहिजे अशी अट आहे. हिशेब करा. दिवसातून तीनदा चार्जिंगला लावला तर वर्षाला १,०९५ वेळा होतं. म्हणजे नऊ वर्षं! आपल्यापैकी कोण नऊ वर्षं एकच फोन वापरतं? तेव्हा दोन-अडीच वर्षांच्या फोनचं पोर्ट नुसत्या वापराने झिजून ढिलं झालं असं कुणी सांगितलं, तर चटकन मान डोलावू नका. कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं.

पण हे ज्ञान तेव्हा मला कुठलं! माझ्या लेकाने फर्मान काढलं, "आई, पोर्टचं झंझट सोड, वायरलेस घे." घेतला. नऊशे रुपयांचं गोल गुळगुळीत पॅड घरी आलं. फोन वर ठेवला. काही नाही. फिरवून ठेवला. काही नाही. मग लेकाने फोनची माहिती काढून पाहिली, तर माझ्या फोनला ती सोयच नव्हती!

यातलं मर्म सांगते, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातच आहे. इंडक्शनची शेगडी आठवा. तिच्यावर तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं साधं भांडं ठेवलं तर तापत नाही, बुडाला लोखंड असलेलंच भांडं लागतं. कारण शेगडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकत्व निघतं आणि ते पकडणारं काहीतरी भांड्यात असावं लागतं. वायरलेस चार्जिंगही त्याच तत्त्वावर चालतं. पॅडमध्ये तारेचं एक वेटोळं आणि फोनच्या पाठीमागे आतून दुसरं. फोनमध्ये ते दुसरं वेटोळं नसेल तर पॅड सोन्याचं आणलंत तरी उपयोग शून्य. महागड्या फोनांत ते असतं. तुम्ही-आम्ही घेतो त्या पंधरा-वीस हजारांच्या फोनांत बहुधा नसतंच. फोनच्या माहितीपत्रकात 'वायरलेस चार्जिंग' किंवा 'ची' असं लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजायचं. 'ची' हे या पद्धतीच्या मानकाचं नाव.

पॅड परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. उलट त्यानेच उपाय सुचवला, "ताई, ही पट्टी घ्या साडेचारशेची. फोनच्या मागे चिकटवा, वरून कव्हर लावा, झाला तुमचा फोन वायरलेस." मी तीही घेतली. घरी येऊन पाकीट फोडलं आणि कपाळाला हात लावला. त्या पट्टीला एक छोटी शेपटी होती. ती शेपटी कुठे घालायची? तर फोनच्या त्याच ढिल्या, मोडक्या पोर्टात! म्हणजे ज्या दारातून येता येत नाही म्हणून खिडकी शोधली, ती खिडकी त्याच दाराला काढलेली. शेपटी बसायची, फोन उचलला की सुटायची. आणि बसली तरी पट्टीतून येणारी वीज इतकी हळू, की फोन भरायला पाच तास तरी लागायचे.

शेवटी साडेतेराशे रुपये पाण्यात घालून मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने पाठ उघडून सांगितलं, "ताई, तुमचं नशीब चांगलं. पोर्ट वेगळ्या बोर्डावर आहे."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुष्कळ फोनांत चार्जिंगचं पोर्ट मुख्य बोर्डावर नसून खालच्या बाजूला एका छोट्या पट्टीवर असतं. दुरुस्तीवाले तिला चार्जिंग बोर्ड म्हणतात, काही जण सीसी बोर्ड म्हणतात. ती पट्टी स्क्रूने बसवलेली आणि एका चपट्या केबलने जोडलेली असते. जुनी काढायची, नवी लावायची, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मला साडेसहाशे रुपये पडले. पण काही फोनांत पोर्ट थेट मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेलं असतं. तिथे गरम हवेच्या यंत्राने जुनं सोडवून नवं डागावं लागतं, भिंगाखाली. ते काम कौशल्याचं, पैसेही जास्त आणि हात चुकला तर आख्खा फोन जायची भीती. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा, "बोर्ड बदलणार की पिन डागणार?"

दुसरा प्रश्न, "बोर्ड ओरिजिनल की कॉपी?" स्वस्तातल्या नकली बोर्डावर कधी कधी फास्ट चार्जिंगची चिपच नसते. फोन चार्ज होतो, पण जो तासाभरात व्हायचा त्याला तीन तास लागतात. आणि हे दुकानात कळत नाही, घरी आल्यावर कळतं. शिवाय बऱ्याच फोनांत आपला आवाज पकडणारा माइकही याच पट्टीवर असतो. म्हणून पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून वायर दोन्ही बाजूंनी घालून बघायची, फास्ट चार्जिंगचा संदेश येतो का पाहायचं आणि घरी एक फोन लावून "माझा आवाज नीट येतोय का?" विचारायचं. माझ्या वेळी दुकानदार जरा हसला, पण हसू दे की! गॅरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्यायचं.

आणि एक गोष्ट आपल्या बायकांसाठी फार महत्त्वाची. फोन देताना दुकानदार लॉक उघडायचा आकडा मागतो, आणि आपण देतो. आत घरचे फोटो, बँकेचे मेसेज, सगळं असतं. पोर्ट बदलायला आकड्याची गरज नसते. चार्जिंग होतंय की नाही हे लॉक असतानाही दिसतं. सिम काढून घ्यावं आणि शक्य असेल तर समोर बसूनच काम करून घ्यावं. काही फोनांच्या सेटिंगमध्ये दुरुस्तीसाठीचा वेगळा मोड असतो, तो लावला की आपले फोटो-मेसेज झाकलेले राहतात. फोन वॉरंटीत असेल तर मात्र आधी कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जा, कारण बाहेर उघडलेल्या फोनची वॉरंटी कंपनी नाकारू शकते.

तर हा झाला माझा इतिहास. वहिनींचा चहा संपेपर्यंत एवढं सगळं सांगून झालं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझेही साडेसहाशे जाणार?"

"थांबा," मी म्हटलं, "आधी बघू तरी काय झालंय ते."

पहिलं काम, वायर बदलून पाहायची. वहिनींच्या वायरीऐवजी मी माझी नवी वायर लावली. तीही ढिलीच. म्हणजे दोष वायरीचा नव्हता. तुमच्याकडे मात्र ही परीक्षा चुकवू नका, कारण वर सांगितलं तसं वायरीच्या तोंडातल्या स्प्रिंगाच आधी थकतात. दुसऱ्या वायरीने फोन घट्ट धरला तर जुनी वायर टाका, विषय संपला.

दुसरं, कव्हर काढायचं. जाड कव्हराचं खालचं भोक कधी कधी इतकं लहान असतं की वायरीचं प्लॅस्टिकचं तोंड त्यालाच टेकतं आणि धातूचा भाग पूर्ण आत जातच नाही. कव्हर काढलं तरी वहिनींची वायर ढिलीच राहिली.

तिसरं, वायर लावून डोळे बारीक करून बघायचं. नीट बसलेल्या वायरीचा धातूचा भाग बाहेर दिसत नाही आणि बसताना हाताला 'टक्' असं जाणवतं. वहिनींच्या फोनला टक् नव्हतंच आणि चांगली तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी धातूची पट्टी बाहेर दिसत होती. माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. वायर आत जात नाही, म्हणजे आत काहीतरी बसलेलं आहे!

वहिनी दिवसभर काम कशात करतात? जीन्सच्या सुतात. फोन कुठे असतो? गाऊनच्या खिशात. धागे कापताना उडणारी निळी पूड त्याच खिशात जाते. प्रत्येक वेळी वायर घातली की ती पूड थोडी आणखी आत दाबली जाते. असं महिनोन्‌महिने. गादीवाला कापूस ठासतो ना, अगदी तसं. शेवटी तळाशी कडक थर बसतो आणि वायरीला टेकायला जागाच उरत नाही. आपल्या पर्समध्ये, जीन्सच्या खिशात, उशीखाली, सगळीकडे हेच होतं, फक्त सावकाश.

आता साफ कसं करायचं? वहिनींचा हात आपोआप बांगडीकडे गेला. मी ओरडलेच, "पिन नको!" लाकडी टूथपिक घेतली. पण पोर्टाची उंची अडीच मिलिमीटर, मध्ये ती जीभ, म्हणजे जिभेच्या वर आणि खाली एक मिलिमीटरही जागा नाही. अख्खी टूथपिक तिथे शिरतच नाही. म्हणून ब्लेडने तिचं टोक दोन्ही बाजूंनी तासून चपटं केलं, आइस्क्रीमच्या चमच्यासारखं पण कागदाइतकं पातळ. फोन बंद केला. पोर्टाचं तोंड जमिनीकडे धरलं, म्हणजे कचरा खाली पडेल. उजेडासाठी दुसऱ्या फोनची टॉर्च. टोक जिभेला न लावता बाहेरच्या भिंतीच्या कडेकडेने तळापर्यंत नेलं आणि हलक्या हाताने बाहेर ओढलं. आत ढकलायचं नाही, बाहेर ओढायचं. कान साफ करताना डॉक्टर जसं करतात तसं.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा थोडी पूड. चौथ्या-पाचव्यांदा एक निळाशार, घट्ट, नमद्यासारखा तुकडा टपकन टेबलावर पडला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी एक. वहिनी बघतच राहिल्या. "अगं बाई! ही तर आख्खी पँट निघाली आतून!"

तोंडाने फुंकर मात्र मारायची नाही. आपल्या श्वासात ओल असते. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा असतो, त्यात ओल्या पोर्टात वायर घातली की वीज आणि पाणी मिळून ते सोनेरी ठिपके गंजवतात. हिरवट किंवा काळे डाग दिसले तर समजायचं, इथे पाणी जाऊन चार्जिंग झालंय. फोन भिजला तर तोंड खाली करून झटकायचा आणि वारा लागेल असा तसाच ठेवून पूर्ण वाळू द्यायचा. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाची पूड आत जाते आणि ते आणखी एक काम होऊन बसतं.

साफसफाईनंतर वायर लावली. टक्! आणि धातूची पट्टी दिसेनाशी झाली. आता शेवटची परीक्षा. पलंगावर गादीच्या वर एक वीतभर उंचीवर, खाली हात धरून, फोन नुसत्या वायरीला लटकवला. लटकून राहिला. ही परीक्षा हवेतली नाही बरं का! मानकाप्रमाणे नवी टाइप सी जोडणी ओढून सोडवायला साधारण ८०० ग्रॅम वजनाएवढा जोर लागला पाहिजे आणि १०,००० वेळा वापरल्यावरही ६०० ग्रॅमपेक्षा कमी नाही. आपला फोन कव्हरसकट सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमचा. तेव्हा चांगली वायर आणि चांगलं पोर्ट फोनचं वजन सहज पेलतं. सटकन पडला तर कुठेतरी खोट आहे. रोज मात्र लटकवू नका, परीक्षा ती एकदाच.

साफ करूनही, नवी वायर लावूनही ढिलं राहिलं, तरच दुरुस्तीचा विचार करायचा. तेव्हा तीन खुणा बघा. वायर हलवली की फोनचं पोर्टच आतल्या आत डुगडुगतंय का? तर त्याचे डाग सुटलेत. आतली जीभ कललेली, तुटलेली किंवा काळी दिसते का? तर पोर्ट गेलं. आणि चांगली वायर एकाच बाजूने चालते का? तर माझ्यासारखं झालंय. हे सगळं बहुधा वापराने होत नाही, आडव्या जोराने होतं. झोपून फोन छातीवर टेकवायचा आणि वायर खालून दुमडलेली. पर्समध्ये पॉवर बँक, तिला जोडलेला फोन आणि गाडीत चढताना पर्सवर पडणारा चहूकडचा दाब. ते इवलंसं पोर्ट सरळ ओढ सोसतं, पण तरफेसारखा आडवा जोर सोसत नाही.

"मग ते वायरलेस कुणासाठीच नाही का हो?" वहिनींनी शेवटी विचारलंच.

आहे ना. फोनमध्ये मुळातच ती सोय असेल, पोर्ट मुख्य बोर्डावर डागलेलं असेल आणि दुरुस्तीवाला हजारांत बोलत असेल, तर पॅड घेणं शहाणपणाचं. फोन पाण्यापासून सुरक्षित असेल तर पाठ उघडल्यावर तो सीलबंदपणा पहिल्यासारखा राहतोच असं नाही, तेव्हाही पॅड बरं. माझ्या सासूबाईंचे हात थरथरतात, त्यांना वायरीचं तोंड सापडत नाही. त्या तिरकीच घालतात आणि पोर्ट मोडायची वेळ आणतात. लेकाचा जुना फोन त्यांना दिला, त्याला वायरलेसची सोय आहे. माझं ते नऊशेचं पॅड आता त्यांच्या उशाशी आहे. बघा, वाया काहीच जात नाही!

पण त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. चांगल्या पॅडवरही साधारण पाव भाग वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. विजेच्या बिलाची काळजी नको. रोज एकदा फोन भरायला वर्षभरात सातेक युनिट लागतात, त्यात दोन-तीन युनिटांची भर. काळजी आहे ती उष्णतेची. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, त्यात फोन पॅडवर तापला की तो स्वतःच चार्जिंग मंद करतो आणि सततच्या तापण्याने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. फोन पॅडच्या मधोमध हवा. रात्री मेसेजने थरथरून तो बोटभर सरकला तर सकाळी पुन्हा बारा टक्के. चार्ज होताना हातात धरून बोलता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पॅड वीज देतं, फोटो देत नाही. उद्या स्क्रीन फुटली आणि वायरीने फोटो काढून घ्यायचे म्हटलं, तर ते मोडकं पोर्टच आडवं येणार. म्हणून सोय म्हणून वायरलेस जरूर असावं, पण मोडक्या पोर्टावरचं पांघरूण म्हणून नाही.

वहिनींचा हिशेब त्या दिवशी अगदी सोपा निघाला. खर्च, एक टूथपिक. त्यांनी आता जुन्या साडीच्या तुकड्याची नाडीची पिशवी शिवलीय. काम करताना फोन त्यात आणि पिशवी खिडकीच्या कडीला. महिन्यातून एकदा टॉर्च मारून आत बघतात. साठवलेल्या दीड हजारातून त्यांनी एक नवी वायर घेतली आणि बाकीचे तसेच ठेवले.

परवा संध्याकाळी मी जिना चढत होते, तर वहिनी घाईघाईने खाली उतरत होत्या. फोन कानाला. "हो हो शेठ, मीच येतेय, दुसऱ्या कुणाला देऊ नका!" जाता जाता माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला. बांगडीत सेफ्टी पिन तशीच होती. तिला तिच्या जागी राहू दे. साडीची पिन साडीला आणि चार्जिंगच्या पिनला टूथपिक!